ढकलणारी कारणं, ओढणारी कारणं आणि मधे उभी राहणारी झोपडपट्टी

दूर्वा (धागाकर्ती)

स्थलांतराचा धडा शिकवताना फळ्यावर नेहमी दोन रकाने काढले जातात. डावीकडे ढकलणारी कारणं: दुष्काळ, तुकड्यांची शेती, कर्ज, कामाचा अभाव. उजवीकडे ओढणारी कारणं: नोकरी, मजुरी, शाळा, दवाखाना. मग दोन्हींखाली एक बाण आणि त्याच्या टोकाला ‘झोपडपट्टी’.

मला हा बाणच पटत नाही. माणसं कामासाठी आली आणि काम मिळालं, तर ती झोपडीत का राहतात? काम मिळालंच नाही, तर मागून येणारे येतच का राहतात? गावाकडे बातमी पोचत नाही असं तर नाही. जाणकारांनी हा बाण सोडवून सांगावा. व्याख्या नकोत, त्या पुस्तकात आहेत.

---

गणिती

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याला नेमकं उत्तर आहे. हॅरिस आणि टोडारो या दोन अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये ते मांडलं आणि त्यांच्यासमोर उदाहरण होतं पूर्व आफ्रिकेतल्या शहरांचं. गावातला माणूस शहरातल्या पगाराची तुलना गावातल्या कमाईशी थेट करत नाही. तो पगाराला तो मिळण्याच्या शक्यतेने गुणतो. कागदावर नाही, पण ‘दहा जण गेले, चौघांचं बस्तान बसलं’ हा हिशेब प्रत्येक पारावर होतोच.

आकडे घेऊन बघा. आकडे मनचे आहेत, पण गणित खरं आहे.

गावातली कमाई ६०. शहरातली पक्की नोकरी १५०. अशा नोकऱ्या ४०० आणि त्यांच्या मागे असलेले लोक १०००. म्हणजे नोकरी मिळण्याची शक्यता दहात चार. १५० ला ०.४ ने गुणलं की ६० येतात. गावातही ६०, शहरातही सरासरी ६०, म्हणून नव्याने कुणी निघत नाही. शहरात ६०० जण बेकार आहेत आणि तरीही कुणी परतत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की आपला नंबर त्या चारांत लागेल.

आता सरकार म्हणालं की शहरातली बेकारी हटवू, आणखी १०० नोकऱ्या काढू. नोकऱ्या झाल्या ५००. हजारात पाचशे म्हणजे शक्यता ०.५ आणि अपेक्षित कमाई ७५. गावातल्या ६० पेक्षा जास्त! लोक निघाले. कधी थांबतील? शक्यता पुन्हा ०.४ वर येईल तेव्हा, म्हणजे शहरात नोकरीच्या मागे १२५० जण असतील तेव्हा. १०० नोकऱ्यांनी २५० माणसं आणली. बेकार होते ६००, झाले ७५०. बेकारी कमी करायला गेलो आणि ती वाढली.

केनियात हे घडून गेलं आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९६४ मध्ये, सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. मालकांनी आणि सरकारने जास्त माणसं कामावर घ्यायची, संघटनांनी पगारवाढ मागायची नाही. बातमी पसरली तशी नोकरीसाठी नाव नोंदवायला माणसांची रीघ लागली आणि बेकारीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

---

कोरडवाहू

गणिती, हिशेब छान आहे, पण तो ओढीचाच झाला. माझ्या मते मूळ ढकलण्यातच आहे. पाऊस गेला, विहीर आटली, सोयाबीन हातचं गेलं की माणूस शक्यता-बिक्यता मोजत बसत नाही. निघतो. म्हणून उपायही गावातच आहे. गावात काम द्या, पाणी द्या, ओघ थांबेल आणि झोपडपट्ट्याही थांबतील. शहरात घरं बांधून देणं म्हणजे आणखी लोकांना आमंत्रण.

---

गणिती

कोरडवाहू, अर्धं मान्य. दुष्काळात निघणारं कुटुंब आणि नोकरीच्या आशेने निघणारा तरुण, हे वेगळेच आहेत. गावात हमीचं काम मिळालं की पहिल्या प्रकारचं, म्हणजे संकटातलं हंगामी जाणं कमी होतं, हेही खरं.

पण ‘ओघ थांबेल’ हे टिकत नाही. शहरात जायला पैसा लागतो. गाडीभाडं, पहिले दोन-तीन आठवडे कमाईशिवाय काढायचा खर्च, खोलीची अनामत आणि मागे राहिलेल्यांसाठी धान्य. सगळ्यात गरीब घराला हे परवडत नाही, म्हणून ते एक तर हलतच नाही किंवा मुकादमाची उचल घेऊन जवळच्याच कामावर जातं. गावात दोन पैसे आले की याच घरातला एक मुलगा लांबच्या शहरात जायची हिंमत करतो. थोरल्याला शिकवलं की तो शेतात राहत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणजे गाव सुधारलं की संकटातलं स्थलांतर घटतं आणि निवडीचं काही काळ वाढतं.

माझ्याच आकड्यांत एक दुरुस्तीही करून ठेवतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. वर मी नोकरी न मिळालेल्याची कमाई शून्य धरली. खऱ्या शहरात शून्य कमाईवर कुणी राहू शकत नाही. तो नाक्यावर उभा राहतो, हातगाडी ओढतो, भंगार वेचतो, बाई धुणंभांडी करते. ही कमाई ३० धरा. गणित पुन्हा मांडलं की शक्यता ०.४ वरून पाव, म्हणजे ०.२५ इतकी खाली आली तरी गाव आणि शहर यांची बरोबरी राहते. ४०० नोकऱ्यांमागे आता १००० नाही, १६०० माणसं थांबतात. त्यातली १२०० हातावरच्या कामावर.

दूर्वा, तुमच्या बाणाचा पहिला अर्धा भाग हा. माणसं बेकार नसतात. काम करत असतात, फक्त त्या कामावर घर मिळत नाही. का मिळत नाही, ते माझ्यापेक्षा नियोजनातल्या माणसाने सांगावं.

---

नकाशा

सांगतो, पण आधी एक आग्रह. ढकलणारी आणि ओढणारी कारणं माणूस शहरात का आला एवढंच सांगतात. तो शहरात *कुठे* राहील हे ती सांगत नाहीत. ते ठरतं जमीन, भाडं आणि कामावर पोचायचा खर्च यांच्यावर. सिंगापूर आणि हाँगकाँग इथेही विसाव्या शतकात माणसांचे लोंढे आले आणि झोपड्याही उभ्या राहिल्या. पुढे तिथे झोपड्या हटल्या त्या केवळ लोंढा थांबवून नव्हे, तर सरकारने प्रचंड प्रमाणात भाड्याची आणि मालकीची घरं बांधून.

एका कुटुंबाचा हिशेब मांडू. नवरा बांधकामावर, बायको चार घरी धुणंभांडी, दोन मुलं. दोघांची मिळून कमाई १०० धरा. त्यातले ५५ अन्न आणि इंधन. १० गावाला. १५ दवाखाना, शाळा, जुनं कर्ज. उरले २०. या २० मध्ये भाडं *आणि* रोजचा प्रवास दोन्ही बसायला हवेत.

पर्याय तीन आहेत. पहिला, शहराच्या मध्यभागी नियमाप्रमाणे बांधलेलं सगळ्यात लहान घर. नियमाने खोलीचं किमान क्षेत्रफळ ठरलेलं, इमारतीभोवती मोकळी जागा ठरलेली, जिना आणि रस्ता यांची रुंदी ठरलेली. त्या सगळ्याची किंमत भाड्यात येते. ४५ धरा. गेला हा पर्याय.

दुसरा, शहराच्या टोकाला स्वस्त घर, भाडं १८. पण दोघांचा प्रवास १४, बेरीज ३२. इथे पैशापेक्षा वेळ जास्त मारतो. धुणंभांड्याचं काम सकाळी दोन घरी आणि संध्याकाळी दोन घरी असतं. मधल्या वेळात बाई घरी येऊन मुलांना जेवू घालते. घर दीड तासावर असेल तर चारातली दोन कामं सुटतात आणि १०० ची कमाई ८० वर येते. खर्च वाढला आणि कमाई घटली.

तिसरा पर्याय, कामापासून चालत पंधरा मिनिटांवर नाल्याकाठची खोली. भाडं १७, प्रवासाला २. बेरीज १९.

हिशेब करणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाने तिसराच पर्याय निवडला असता. झोपडपट्टी अशी तयार होते. तिथे अडाणीपणा नाही, शहराची हौस नाही. उत्पन्नात बसणारं आणि कामाजवळचं कायदेशीर घर बाजारात *नसतंच*, म्हणून ती होते.

---

उंबरठा

मी स्वतः अशाच वस्तीत राहतो, वरचा मजला भाड्याने दिला आहे म्हणून लिहितो. तुम्ही सगळे गावाहून येणाऱ्यांबद्दल बोलताय. माझ्याकडे आत्तापर्यंत राहिलेले भाडेकरू बहुतेक याच वस्तीतले. मुलाचं लग्न झालं, दहा बाय बाराच्या खोलीत दोन जोडपी कशी राहणार, म्हणून तो पलीकडच्या गल्लीत माझ्या माळ्यावर आला. त्याला कुणी ढकललं आणि कुणी ओढलं?

दुसरं, वरचा मजला बांधायचा तर परवानगीचा मार्ग काय? लोखंडी खांबांवर बांधलाय, खालच्या भिंती अर्ध्या विटेच्या आहेत.

---

नकाशा

उंबरठा, तुमचं पहिलं निरीक्षण या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं आहे. भारतात शहरांची लोकसंख्या वाढते त्यातला सगळ्यात मोठा वाटा शहरातच होणाऱ्या जन्मांचा असतो. खेड्यातून येणाऱ्यांचा निव्वळ वाटा ढोबळमानाने पाचवा हिस्सा. उरलेली भर आजूबाजूची गावं शहरात सामील होऊन आणि मोठी खेडी शहर म्हणून मोजली जाऊन पडते. झोपडपट्टी म्हटली की आपल्याला आगगाडीतून उतरणारा माणूस दिसतो. जुन्या वस्तीत मात्र दुसरी-तिसरी पिढी असते. तिला ढकल आणि ओढ लावायची तर ती खेडं आणि शहर यांच्यात नाही, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत लावावी लागेल.

मजल्याचं: परवानगीबद्दल इथे सांगता येणार नाही, ते जमीन कुणाची आणि वस्ती कोणत्या नोंदीत यावर ठरतं. बांधकामाबद्दल मात्र सांगतो. अर्ध्या विटेची, म्हणजे साधारण साडेचार इंची भिंत वजन पेलायला नसते, ती आडोशाची असते. वरचं ओझं खांबांनी थेट जमिनीत नेलेलं असेल तर ठीक. खांब जुन्या फरशीवर नुसते टेकवले असतील तर धोका आहे. खांबाच्या बुडाशी फरशीला चीर गेलीय का, दार पूर्वीपेक्षा घट्ट बसतंय का, भिंतीच्या कोपऱ्यात तिरकी भेग आहे का, हे बघा. तिन्हींतलं एक जरी दिसलं तरी भाडेकरू खाली आणा आणि अभियंत्याला दाखवा.

---

दूर्वा

नाल्याकाठची खोली १७ ला मिळते म्हणालात, पण ती तिथे येते कुठून? कुणीतरी पहिली बांधली असेल ना?

---

नकाशा

जागा कोणती, हे बघितलं तर अर्धं कोडं सुटतं. ज्या जमिनीवर मालक रोज लक्ष ठेवत नाही आणि बिल्डरला बांधता येत नाही, ती. नाल्याचा काठ, रेल्वेची हद्द, विमानतळाच्या भिंतीलगतची पट्टी, डोंगराचा उतार, खाणीचा खड्डा, भरावाची जागा, कोर्टात अडकलेला भूखंड. जमीन वाईट असणं हेच तिचं संरक्षण असतं. म्हणूनच पूर आणि दरडीत आधी याच वस्त्या सापडतात.

बऱ्याच ठिकाणी सुरुवात बांधकामाच्या कामगारांपासून होते. ठेकेदार कामाच्या जागेशेजारी पत्र्याच्या खोल्या टाकतो. काम संपतं, माणसं राहतात, कारण शेजारी उभ्या राहिलेल्या इमारतींना आता घरकामाला, राखणीला, दुरुस्तीला तीच माणसं हवी असतात. ब्राझीलची नवी राजधानी ब्रासिलिया कोऱ्या माळरानावर, कागदावर आखून बांधली. बांधणाऱ्या मजुरांसाठी तिच्या आराखड्यात कायमची जागाच नव्हती. परिणाम असा की १९६० मध्ये राजधानीचं उद्घाटन व्हायच्या आधीच, १९५८ मध्ये, मजुरांच्या अनधिकृत वस्त्यांसाठी दूर ताग्वातिंगा नावाचं उपनगर वसवावं लागलं. जुन्या शहराचा गोंधळ नव्हता, जमिनीची टंचाई नव्हती, तरीही.

पुढचे टप्पे झोपडीच्या भिंतींवर वाचता येतात. पहिल्यांदा बांबू आणि ताडपत्री, म्हणजे उद्या पाडलं तरी नुकसान थोडं. एक-दोन पावसाळे कुणी पाडलं नाही की पत्रा. मग खाली तीन-चार फूट वीट आणि वर पत्रा. पुराचं पाणी घरात आलं की जोतं उंचावतं. वीज आली किंवा कुणा पुढाऱ्याने नळ दिला की पूर्ण विटेची भिंत, कारण आता कुणीतरी आपल्याला मोजलंय अशी खात्री वाटते. मग वरचा मजला, तो बहुतेक भाड्यासाठी. जिथे वीसेक वर्षांनीही ताडपत्रीच दिसते, तिथे एक तर पाडापाडी चालू असते किंवा राहणारे हंगामी असतात. पैसा नाही म्हणूनच ताडपत्री, असं दरवेळी नसतं.

आणि फुकट जागेबद्दल: पहिली झोपडी टाकणाऱ्यालाही फारसं फुकट मिळत नाही. जागा राखणारा, जोडणी देणारा, ‘बघून घेणारा’, प्रत्येकाला पैसे जातात. दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेणारा तर पूर्ण किंमत मोजतो, फक्त त्याच्या हातात कायद्याने टिकणारा कागद येत नाही. पाण्याचंही तसंच. नळ नसलेल्या गल्लीत कॅनने पाणी घेणारं घर लिटरमागे नळवाल्या इमारतीच्या कितीतरी पट पैसे देतं.

---

पायवाट

दोन्ही बाजू वाचल्या. मी आकडेवारीच्या बाजूने एक अडचण सांगते, कारण ढकल जास्त की ओढ जास्त हा वाद बहुतेकदा चुकीच्या आकड्यांवर होतो.

जनगणनेत ‘इथे का आलात’ याचं एकच कारण लिहिलं जातं: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर, इतर. विहीर आटली, कर्ज झालं, म्हणून शहरात मजुरीला आलेला माणूस उत्तर देतो ‘कामासाठी’. ढकलणारं कारण नोंदीत ओढणारं होऊन बसतं. त्याची बायको ‘कुटुंबाबरोबर’ म्हणून मोजली जाते, जरी आल्यापासून घर तिच्या कमाईवर चालत असलं तरी. चार महिने येऊन परत जाणारे तर बहुतेक मोजलेच जात नाहीत.

वस्तीचंही तसंच. भारताच्या २०११ च्या जनगणनेत नोंद नसलेली वस्ती झोपडपट्टी म्हणून मोजायची तर तिथे किमान ३०० लोक किंवा साधारण ६०-७० घरं एकत्र हवीत, अशी अट होती. पुलाखालची वीस घरं, इमारतींमागची पंधरा झोपडी-घरं, ही त्यातून सुटतात. नेमकी हीच सगळ्यात नवीन आणि सगळ्यात हलाखीची असतात. म्हणून आकड्यांत जुनी, स्थिरावलेली वस्ती जास्त दिसते आणि नवी कमी.

---

दूर्वा

मग ओळखायचं कसं? एखाद्या वस्तीत गेल्यावर ही माणसं ढकलली गेलीत की ओढली गेलीत, हे कळायला काही खूण आहे का?

---

पायवाट

एकट्या खुणेवर विश्वास ठेवू नका, तीन-चार एकत्र बघा.

कोण आलंय ते बघा. विशीतली एकटी मुलं एका खोलीत आठ-आठ जण राहत असतील तर ओढ. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, शेळी यांच्यासह पूर्ण कुटुंब असेल तर ढकल. कधी आलं ते विचारा, आणि ‘का’ विचारू नका. एकाच वर्षात, एकाच तालुक्यातून बरीच कुटुंबं आलेली दिसली तर त्या वर्षी तिथे काय झालं ते शोधा. पैसा कोणत्या दिशेने जातो तेही बघा. ओढीने आलेला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून गावाला पाठवतो. ढकललेल्याला पहिल्यांदा उचल फेडायची असते, उलट गावाहून धान्याचं पोतं येतं. आणि गावातलं घर: कुलूप लावलंय, भावाकडे सोपवलंय की विकलंय?

---

कोरडवाहू

पायवाट, यात उचलीचं आणखी लिहायला हवं, ते मला जवळून माहीत आहे. मुकादम पेरणीच्या किंवा सणाच्या तोंडावर, म्हणजे घरात पैसा नसतो तेव्हा, उचल देतो. सहसा एकट्याला देत नाही, नवरा-बायकोच्या जोडीला देतो. कामावर हिशेब मुकादमाच्याच वहीत राहतो. खाडे, दवाखाना, आठवड्याचा बाजारखर्च सगळं त्यात चढतं. हंगाम संपताना फिटली तर ठीक, नाहीतर बाकी पुढच्या वर्षावर. असं कुटुंब शहरात राहायचं की नाही हे ठरवतच नाही, ते मुकादम ठरवतो. गणितींच्या शक्यतेच्या हिशेबात हे कुठे बसतं?

---

गणिती

बसत नाही. तो हिशेब मोकळ्या माणसाचा आहे. उचलीत अडकलेल्याला तो लावू नये.

त्यात आणखीही उणिवा आहेत. तो सगळ्यांना सारखी संधी धरतो. प्रत्यक्षात ज्याचा मामा कारखान्यात आहे त्याचा नंबर आधी लागतो. म्हणूनच एकेका गावाची माणसं एकेका धंद्यात आणि एकेका गल्लीत सापडतात. ओळखीच्या माणसाने पहिले काही आठवडे झोपायला जागा दिली की जाण्याचा खर्च निम्म्यावर येतो. लोंढा एकदा सुरू झाला की गावातलं मूळ कारण संपल्यावरही तो चालू राहतो, तो यामुळे.

---

नकाशा

कोरडवाहूंनी वर म्हटलं होतं की शहरात घरं बांधून देणं म्हणजे आमंत्रण. त्यावर एक पक्कं उदाहरण आहे. १९८७ मध्ये अहमदाबादमध्ये विडी कामगार आणि तशाच कष्टकरी बायकांसाठी सोडत काढून शहराच्या मध्यभागापासून सुमारे १२ किलोमीटरवर चांगली पक्की घरं दिली गेली. भाडं कमी, पुढे मालकीही. चौदा वर्षांनी बघितलं तर सोडत लागलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश तिथे कधी गेल्याच नव्हत्या आणि जवळपास तितक्याच जाऊन सोडून आल्या होत्या. घर चांगलं होतं, पण काम, उसनवारी देणारी शेजारीण, आजारपणात मूल सांभाळणारं माणूस, हे सगळं जुन्या वस्तीत होतं.

रिओ द जानेरोतही १९६० च्या दशकात टेकडीवरच्या वस्त्या हलवून लोकांना दूर व्हिला केनेडीसारख्या वसाहतींत नेलं. तिथेही प्रवास आणि काम हीच अडचण झाली.

माझ्या वरच्या हिशेबातला दुसरा पर्यायच सरकारने लोकांवर लादला, असं म्हणा ना. भाडं १८ चं ५ केलं तरी १४ चा प्रवास आणि सुटलेली दोन कामं जात नाहीत. ५ आणि १४ मिळून १९, म्हणजे खर्च नाल्याकाठच्या खोलीइतकाच, आणि कमाई मात्र १०० ची ८०. पुनर्वसन कुठे फसणार हे असं आधीच काढता येतं.

---

पायवाट

इथे मात्र माझा नकाशांशी मतभेद आहे. त्यांच्या लिखाणाचा रोख असा दिसतो की घराचे किमान नियम सैल केले की स्वस्त कायदेशीर घरं येतील. खोलीचा आकार आणि संडासाची अट सैल केली की बिल्डर खोली लहान करतो, भाडं मात्र तेवढं उतरवत नाही, कारण भाडं जमिनीच्या किमतीवर ठरतं. आणि आग, क्षयरोग हे नियम बघून थांबत नाहीत.

---

नकाशा

क्षयरोग आणि आगीबद्दल पूर्ण सहमत. हवा, प्रकाश आणि बाहेर पडायची वाट यांच्या अटींना हात लावू नये. मी म्हणतोय ते प्रत्येक घराला गाडी उभी करायची जागा, भूखंडाचं मोठं किमान क्षेत्रफळ, निवासी भागात दुकान नको, अशा नियमांबद्दल. ते आरोग्यासाठी नसतात, पण गरीब घर बेकायदा ठरवतात. जमिनीची किंमत त्याने किती उतरेल याबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे. जिथे मोकळी जमीनच मोजक्या हातांत आहे तिथे नियम बदलून फार काही हलत नाही.

---

उंबरठा

मग आमच्या वस्तीला जमिनीचा कागद द्यावा ना सरळ. कागद मिळाला की माणूस स्वतः नीट बांधतो.

---

पायवाट

मालकाला द्यायचा की राहणाऱ्याला? नैरोबीच्या किबेरा या मोठ्या झोपडपट्टीत बहुसंख्य लोक भाडेकरू आहेत आणि खोल्यांचे मालक बऱ्याचदा दुसरीकडे राहतात. तिथे कागद दिला तर मालकाला मिळेल, भाडं वाढेल आणि तुमच्या माळ्यावरच्या जोडप्यासारखी माणसं पुढच्या नाल्यावर जातील. उलट पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, व्हिला एल साल्वाडोरसारख्या वस्तीत १९७१ पासून राहणाऱ्यांनी आखून दिलेल्या भूखंडांवर स्वतः घरं बांधली, तिथे राहणारा आणि बांधणारा एकच होता. कागदाचा परिणाम या एका गोष्टीवर फिरतो. म्हणून कागद वाटण्याआधी प्रत्येक दारात दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: इथे झोपतं कोण, आणि महिन्याचे पैसे घेतं कोण.

---

उंबरठा

माझ्या दारात दोन्हींची उत्तरं वेगळी येतील. खाली मी, वर ते. मग कागदावर नाव कुणाचं?

---

दूर्वा

हा प्रश्न उघडाच ठेवते, कुणाला अनुभव असेल तर लिहा. वर्गासाठी मी आता बाण पुसून मधे नकाशांचा २० चा हिशेब टाकणार आहे. मुलांना तीन पर्याय देऊन खोली निवडायला सांगेन, आणि निवडल्यावर प्रवासाचा आकडा १४ वरून ४ वर आणेन. स्वस्त आणि वेळेवर येणारी गाडी असती तर टोकाचं घर २२ वर येतं. २० मध्ये ते तरीही बसत नाही, पण आता फरक फक्त दोनाचा आहे, आणि बाईची दोन कामं टिकली तर कमाईही १०० राहते. गणिती, इतक्या जवळ आलेला पर्याय किती कुटुंबं निवडतील, हे काढता येईल का?

---

गणिती

एका आकड्याने नाही. काढायचं तर कुटुंबागणिक उरणारी रक्कम वेगळी घ्यावी लागेल, कारण सगळ्यांचे २० नसतात. काहींचे १२, काहींचे २६. मुलांना प्रत्येकी वेगळी चिठ्ठी द्या, १० ते ३० मधला कोणताही आकडा. १९ च्या खाली असलेल्यांना नाल्याकाठची खोलीही परवडत नाही. ती मुलं काय करतात ते बघा: खोली वाटून घेतात, पुलाखाली जातात की गावाला पाठवायचे १० बंद करतात. २२ च्या वर असलेली मात्र टोकाला जातील की गल्लीतच राहतील, यावर वर्गात भांडण होईल. ते होऊ द्या.